पुढच्या रेघा, मागच्या रेघा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमीच्या वायवात परीक्षक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "ब्रेकियल प्लेक्सस काढा." फिजिओथेरपीच्या मुलांनाही हे चुकत नाही. पुढे सर्जरीत, ऑर्थोपेडिक्समध्ये, भूलशास्त्रात तोच प्रश्न वेश बदलून येत राहतो. आदल्या रात्री ही आकृती चित्र म्हणून डोळ्यांसमोर आणत घोकली असेल, तर पेन्सिल पहिल्या दोन टप्प्यांपर्यंत झरझर चालते आणि तिसऱ्या टप्प्यावर अडते. अडायचं ठिकाण बहुतेकांचं एकच असतं, आणि त्याला कारण आहे. त्या टप्प्यातून एकही शाखा निघत नाही, म्हणून विद्यार्थी त्याकडे लक्ष देत नाहीत. माझ्या मते मात्र सगळी आकृती समजते ती तिथेच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. मेंदूचा हुकूम हाताच्या स्नायूंपर्यंत नेणाऱ्या आणि हाताची जाणीव मेंदूकडे परत आणणाऱ्या नसा मानेतल्या मज्जारज्जूतून निघतात. रक्ताच्या नसांशी गल्लत नको, म्हणून इथे त्यांना नर्व्ह म्हणू. मानेत मणके सात, पण नर्व्हच्या जोड्या आठ. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात आणि आठवी सातव्या मणक्याच्या खालून. त्यांची नावं सी १ ते सी ८. त्याखाली छातीच्या मणक्यांतली पहिली नर्व्ह, टी १. यांपैकी सी ५, सी ६, सी ७, सी ८ आणि टी १ या पाच हाताच्या वाट्याला आल्या आहेत. त्या सरळ हातात शिरत नाहीत. मानेपासून काखेपर्यंतच्या वाटेत त्या एकमेकींत मिसळतात, फुटतात, पुन्हा जुळतात, आणि काखेतून बाहेर पडताना वेगळ्याच पाच नर्व्ह होऊन जातात. मधल्या या जाळ्याचं नाव ब्रेकियल प्लेक्सस.

पुस्तकं त्याचे पाच टप्पे सांगतात: रूट, ट्रंक, डिव्हिजन, कॉर्ड आणि ब्रँच. रूट मानेतल्या दोन स्केलीन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतात. ट्रंक मानेच्या बाजूला, हासळीच्या हाडाच्या वर असतात. डिव्हिजन त्या हाडाच्या मागे, कॉर्ड काखेत, आणि शेवटच्या ब्रँच काखेतून दंडाकडे. संख्या अनुक्रमे पाच, तीन, सहा, तीन, पाच. उलटसुलट वाचली तरी तीच राहते, त्यामुळे ही एवढी गोष्ट पाठ करायला हरकत नाही.

आता तो तिसरा टप्पा. हाताचे स्नायू ढोबळमानाने दोन गटांत पडतात. पुढच्या बाजूचे स्नायू कोपर, मनगट, बोटं वाकवतात. मागच्या बाजूचे तीच ताणून सरळ करतात. गर्भात हाताचा कोंब फुटतो तेव्हाच स्नायूंचा गोळा असा पुढे आणि मागे विभागला जातो आणि नर्व्हही त्याच्यामागून तशाच विभागल्या जातात. डिव्हिजन म्हणजे ही फाळणी. तिन्ही ट्रंक प्रत्येकी एक फाटा पुढच्या स्नायूंसाठी देतात आणि एक मागच्या स्नायूंसाठी. म्हणून तीनाचे सहा होतात. यानंतर पुढच्या आणि मागच्या रेघा कधीही एकमेकींत मिसळत नाहीत. मागच्या तिन्ही रेघा एकत्र येऊन एक कॉर्ड होते. पुढच्या तिघींपैकी वरच्या दोघी एकत्र येतात आणि खालची एकटीच पुढे जाते. हा नियम हातात आला की उरलेली आकृती त्याच्यातूनच निघते.

इथे एक सावधगिरी. मज्जारज्जूजवळही नर्व्हला पुढची आणि मागची मुळं असतात. तिथे पुढचं मूळ हालचालीचं आणि मागचं संवेदनेचं. ती फाळणी वेगळी आणि डिव्हिजनची वेगळी. डिव्हिजनमध्ये पुढच्या फाट्यातही दोन्ही प्रकारचे तंतू असतात आणि मागच्यातही. आणखी एक नाजूक गोष्ट अशी की प्लेक्ससमध्ये आपण ज्यांना रूट म्हणतो त्या म्हणजे ही मुळं नव्हेत. मणक्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक नर्व्हची एक शाखा पाठीकडे जाते आणि एक पुढे येते. या पुढे येणाऱ्या शाखा, अँटेरिअर रॅमाय, म्हणजे प्लेक्ससच्या रूट. हुशार परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

आता कागद आडवा घ्या. डाव्या कडेला मान, उजव्या कडेला हात. म्हणजे आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपण काढतो आहोत. दर वेळी हीच बाजू काढायची, बदलायची नाही. डाव्या कडेला एकाखाली एक पाच आडव्या रेघा ओढा आणि त्यांना वरून खाली सी ५, ६, ७, ८ आणि टी १ अशी नावं द्या. वरच्या दोन जोडा, खालच्या दोन जोडा, मधली एकटी जाऊ द्या. अप्पर, मिडल आणि लोअर अशा तीन ट्रंक झाल्या. आता प्रत्येकीला दोन फाटे: पुढचा ठळक रेघेने, मागचा तुटक रेघेने. हा ठळक आणि तुटक फरक केवळ नीटनेटकेपणासाठी नाही, पुढची सगळी शिस्त त्याच्यावर उभी आहे. तिन्ही तुटक रेघा एका ठिकाणी आणा, ती पोस्टेरिअर कॉर्ड. ठळकपैकी वरच्या दोन जोडा, ती लॅटरल कॉर्ड. उरलेली खालची एकटी ठळक रेघ म्हणजे मीडियल कॉर्ड. ही नावं काखेतल्या अ‍ॅक्झिलरी धमनीच्या संदर्भाने पडली आहेत. एक कॉर्ड तिच्या बाहेरच्या अंगाला, एक छातीकडच्या अंगाला, एक तिच्या मागे. धमनीची आठवण ठेवली तर लॅटरल आणि मीडियल यांची अदलाबदल होत नाही.

शेवटच्या टप्प्यासाठी एवढंच ध्यानात ठेवायचं की प्रत्येक कॉर्ड दोन टोकांत संपते. लॅटरल कॉर्डचं एक टोक मस्क्युलोक्युटेनिअस नर्व्ह आणि दुसरं मीडियन नर्व्हचा अर्धा भाग. मीडियल कॉर्डचं एक टोक अल्नर नर्व्ह आणि दुसरं मीडियनचा उरलेला अर्धा. पोस्टेरिअर कॉर्डची दोन टोकं अ‍ॅक्झिलरी आणि रेडियल. सहा टोकं झाली. त्यांतली दोन अर्धी मिळून एक मीडियन, म्हणून नर्व्ह पाच. मस्क्युलोक्युटेनिअस, मीडियनची दोन मुळं आणि अल्नर यांचा मिळून इंग्रजी एम अक्षराचा आकार होतो आणि तो खरोखर दिसतो. डिसेक्शन हॉलमध्ये काख उघडल्यावर धमनीच्या समोर हा एम शोधायचा. त्याच्या बाहेरच्या पायाची नर्व्ह कोराकोब्रेकिअलिस नावाचा स्नायू भेदून आत जाताना दिसली की ती मस्क्युलोक्युटेनिअस, आणि तिथून बाकीच्यांची ओळख पटते.

बाजूच्या शाखा मुख्य आकृती पूर्ण झाल्यावरच लावायच्या. आधी लावायला गेलं की रेघांचा गुंता होतो. त्यांची संख्या टप्प्यांप्रमाणे अशी: रूटवर दोन, ट्रंकवर दोन, डिव्हिजनवर शून्य, लॅटरल कॉर्डवर एक, मीडियलवर तीन, पोस्टेरिअरवर तीन. रूटच्या दोन म्हणजे सी ५ मधून डॉर्सल स्कॅप्युलर, आणि सी ५, ६, ७ मधून लाँग थोरॅसिक. ट्रंकच्या दोन्ही फक्त वरच्या ट्रंकमधून निघतात: सुप्रास्कॅप्युलर आणि सबक्लेव्हिअस स्नायूची नर्व्ह. लॅटरल कॉर्डची एक, लॅटरल पेक्टोरल. मीडियल कॉर्डच्या तिन्हींची नावं मीडियल शब्दानेच सुरू होतात: मीडियल पेक्टोरल, आणि दंडाच्या व कोपराखालच्या भागाच्या त्वचेला जाणाऱ्या दोन. पोस्टेरिअरच्या तीन म्हणजे अप्पर आणि लोअर सबस्कॅप्युलर, आणि त्यांच्या मधोमध थोरॅकोडॉर्सल. स्केलीनसारख्या मानेच्या स्नायूंना जाणारे बारीक धागे आणि सी ५ चा फ्रेनिक नर्व्हला जाणारा वाटा वेगळे विचारले जातात. ते आकृतीत भरू नयेत.

चूक झाली आहे का, हे कागदावरच तपासता येतं. पोस्टेरिअर कॉर्डमध्ये तीन तुटक रेघा येतात का? तिच्यात एखादी ठळक रेघ घुसली असेल तर मिडल ट्रंकपाशी चूक आहे. मिडल ट्रंकची ठळक रेघ वर जाते की खाली? नेहमी वर. हीच रेघ खाली वळवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अ‍ॅक्झिलरी नर्व्ह ठळक रेघेतून निघालेली दिसली तरी चूक, कारण ती डेल्टॉइडला जाते आणि डेल्टॉइड मागच्या गटातला. आणि लाँग थोरॅसिक हासळीच्या हाडापलीकडे, कॉर्डवर लावलेली असेल तर तिची जागा थेट रूटवर न्यायची.

या आकृतीचा खरा कस लागतो तो रुग्णापुढे. समजा, एक तरुण मोटरसायकलवरून घसरून डाव्या खांद्यावर आपटला. डोकं उजवीकडे फेकलं गेलं आणि खांदा खाली दाबला गेला. मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर अचानक वाढलं की सगळ्यात जास्त ताण बसतो तो वरच्या रूटवर, सी ५ आणि सी ६ वर. जखमा भरल्यानंतर तो तपासायला येतो तेव्हा डावा हात अंगाला चिकटून लोंबत असतो, दंड आतल्या बाजूला वळलेला, कोपर सरळ आणि तळहात मागे वळलेला. हात बाजूला उचलता येत नाही, कोपर वाकवता येत नाही. खांद्याच्या बाहेरची बाजू आणि अंगठ्याकडची त्वचा बधिर. पण मूठ वळते आणि बोटं पसरताही येतात.

आता आकृती समोर ठेवून एकेका लक्षणावरून मागे जाऊ. हात बाजूला उचलण्याची सुरुवात सुप्रास्पायनेटस करतो आणि पुढचं काम डेल्टॉइड. पहिल्याला सुप्रास्कॅप्युलर, दुसऱ्याला अ‍ॅक्झिलरी. कोपर वाकवणारे बायसेप्स आणि ब्रेकिअलिस मस्क्युलोक्युटेनिअसवर चालतात. अ‍ॅक्झिलरी तुटक रेघेवर आहे आणि मस्क्युलोक्युटेनिअस ठळक रेघेवर. म्हणजे इजा एखाद्या कॉर्डमध्ये असणं शक्य नाही, कारण या दोघी कॉर्डमध्ये एकत्र नसतातच. त्या एकत्र असतात फाळणीच्या आधी, वरच्या ट्रंकमध्ये. सुप्रास्कॅप्युलरही नेमकी तिथूनच निघते. तीन बोटं तीन नर्व्हवर ठेवून मागे सरकवत आणली की ती एकाच बिंदूवर भेटतात. या बिंदूला अर्ब पॉइंट म्हणतात. जर्मन वैद्य विल्हेल्म अर्ब यांनी १८७४ मध्ये ही जागा दाखवून दिली.

हाताची ती विचित्र ठेवणही इथूनच उलगडते. दंड बाहेर वळवणारा इन्फ्रास्पायनेटस सुप्रास्कॅप्युलरवर चालतो. तो थांबला, पण दंड आत वळवणाऱ्या छातीच्या आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंचे काही तंतू खालच्या रूटमधून येतात, म्हणून दंड आत वळतो. कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सचा मुख्य आधार सी ७ वर आहे, तो शाबूत, म्हणून कोपर सरळ. तळहात समोर फिरवण्याचं काम बायसेप्स आणि सुपिनेटर करतात, दोन्ही गेले, म्हणून तळहात मागे. आणि हाताच्या पंजातले बारीक स्नायू सी ८ आणि टी १ चे. लोअर ट्रंकला धक्का लागलेला नाही, म्हणून मूठ वळते. अवघड बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला आणि मान ताणली गेली तर नवजात बाळाच्या हातालाही हीच ठेवण येते. बरीच बाळं आपोआप सुधारतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत बायसेप्सची हालचाल दिसली नाही तर मात्र बाळाला नर्व्हच्या तज्ज्ञ सर्जनकडे दाखवावं लागतं.

पुढचा प्रश्न उपचाराच्या दृष्टीने निर्णायक आहे. इजा ट्रंकमध्ये आहे की त्याहीमागे, नर्व्ह मज्जारज्जूतून उपटूनच आली आहे? उपटलेली नर्व्ह साधी टाके घालून जोडता येत नाही. इथे रूटवरच्या त्या दोन बाजूच्या शाखा कामी येतात. डॉर्सल स्कॅप्युलर ज्या ऱ्हॉम्बॉइड स्नायूंना जाते ते खवाटा पाठीच्या कण्याकडे ओढतात. रुग्णाला छाती काढून दोन्ही खवाटे जवळ आणायला सांगायचं. ट्रॅपेझिअसही हेच काम करतो आणि त्याची नर्व्ह प्लेक्ससमधली नाही, म्हणून नुसतं बघून भागत नाही, खवाट्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून खालचा स्नायू घट्ट होतो का हे चाचपावं लागतं. तो आवळला जात असेल तर सी ५ त्या ठिकाणापर्यंत जिवंत आहे आणि इजा पुढे, ट्रंकमध्ये आहे. तो मेलेला असेल तर शंका रूटवर जाते. लाँग थोरॅसिकवर चालणाऱ्या सेराटस अँटेरिअरची साक्षही घेतात, पण त्याला सी ७ चाही पुरवठा असल्याने तो पूर्ण बंद न पडता नुसता कमजोर होऊ शकतो.

याउलट झाडावरून पडताना एका हाताने फांदी धरली आणि हात वर ओढला गेला, तर ताण खालच्या रूटवर बसतो. मग पंजाचे बारीक स्नायू जातात आणि बोटं नखांसारखी वळतात. टी १ मज्जारज्जूपाशीच तुटली असेल तर त्याच बाजूची पापणी थोडी खाली येते आणि बाहुली लहान होते, कारण चेहऱ्याकडे जाणारे सिंपथेटिक तंतू त्याच वाटेने बाहेर पडतात. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके यांनी १८८५ मध्ये डोळ्याच्या या खुणेचा टी १ शी असलेला संबंध मांडला. हाताची तपासणी करताना डोळ्याकडे बघायचं ते यासाठी.

आकृतीच्या मर्यादाही माहीत हव्यात. अल्नरवरून मागे गेलात तर मीडियल कॉर्ड, लोअर ट्रंक, सी ८ आणि टी १ असं बरोबर उत्तर मिळतं. मस्क्युलोक्युटेनिअसवरून सी ५ ते सी ७ मिळतात, तेही बरोबर. रेडियलवरून पाचही मिळतात, बरोबर. पण अ‍ॅक्झिलरीवरून मागे गेलात तरीही पाचही रूट मिळतात, आणि प्रत्यक्षात तिच्यात सी ५ आणि सी ६ चेच तंतू असतात. आकृती तंतूंना कोणती वाट उपलब्ध आहे ते दाखवते, त्या वाटेने प्रत्यक्ष कोण गेलं ते नाही. अ‍ॅक्झिलरीचा हा एक अपवाद वेगळा पाठ करावा. अल्नरमध्येही पुष्कळदा लॅटरल कॉर्डकडून सी ७ चे थोडे तंतू येऊन मिळतात. शिवाय काही माणसांत सगळं जाळंच एक पायरी वर सरकलेलं असतं आणि सी ४ चा वाटा मोठा असतो, काहींत ते खाली सरकून टी २ मोठा वाटा घेते.

त्या मोटरसायकलवाल्या तरुणाकडे परत येऊ. समजा काही महिने थांबूनही बायसेप्स हलला नाही. नर्व्हचे तंतू वाढतात ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने. मानेत ट्रंकपाशी जोडकाम केलं तर दंडातल्या बायसेप्सपर्यंत २० ते २५ सेंटिमीटरचं अंतर कापायला सात-आठ महिने किंवा जास्तच लागतात. नर्व्हविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात सावरण्यापलीकडे जातो. म्हणून वाट पाहण्यालाही मुदत असते, आणि अशा रुग्णाला पहिल्या काही महिन्यांतच नर्व्हच्या सर्जनकडे पाठवायला हवं. फ्रेंच सर्जन क्रिस्तॉफ ओबर्लां यांनी १९९४ मध्ये वेगळी वाट काढली. दंडात अल्नर नर्व्ह बायसेप्सच्या अगदी जवळून जाते. तिच्यातला एक बारीक जुडगा, जो मुख्यतः मनगट वाकवणाऱ्या स्नायूला जातो, तेवढाच कापून बायसेप्सच्या शाखेला शिवायचा. तंतूंना आता थोडेच सेंटिमीटर जायचं असतं. त्याच हालचालीत मदत करणारे इतर स्नायू मीडियनवर चालत असल्याने मनगटाचं फारसं नुकसान होत नाही. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट रुग्णाला मूठ वळून मनगट आत वाकवायला सांगतात, कारण बायसेप्सला आता हुकूम त्या वाटेने येतो. सरावाने पुढे कोपर स्वतंत्रपणे वाकू लागतं.

वायवात याच शस्त्रक्रियेवर प्रश्न येऊ शकतो: "अल्नरच का? आणि कोणत्या रुग्णात ही करता येणार नाही?" पाठ केलेल्या यादीत याचं उत्तर नाही. कागदावर अल्नरवर बोट ठेवा आणि मागे जा. बोट एकदाही अप्पर ट्रंकला शिवत नाही, थेट सी ८ आणि टी १ वर पोचतं. म्हणून वरची इजा कितीही मोठी असली तरी अल्नर देण्याच्या स्थितीत असते. आणि ज्याच्या लोअर ट्रंकलाही मार लागला आहे, पाचही रूट गेल्या आहेत, त्याच्या अल्नरकडे द्यायला काहीच नसतं. अशा वेळी सर्जन प्लेक्ससच्या बाहेरची नर्व्ह शोधतात, बहुधा बरगड्यांमधल्या इंटरकोस्टल नर्व्ह किंवा ट्रॅपेझिअसला जाणारी स्पायनल अ‍ॅक्सेसरी.